फुलकोबी शिजावी, पण मोडू नये!

नागपूर : दिवाळी आटोपली की कॉटन मार्केटमधील महात्मा फुले भाजी बाजारात फुलकोबीचे ढीग दिसू लागतात. जिल्ह्यातील गावांबरोबरच छिंदवाड्याकडूनही माल येतो. डिसेंबर-जानेवारीत भाव उतरतो आणि घरोघरी आठवड्यातून तीन-चार वेळा पानकोबी किंवा फुलकोबी शिजू लागते. नेमक्या याच दिवसांत नागपूरकर थंडीमुळे दारे-खिडक्या लावून बसतात. उन्हाळ्यात दिवाणखान्यातला कूलर घरभर वारा ढकलतो आणि स्वयंपाकघरातला वास त्याच वाऱ्याबरोबर बाहेर निघून जातो. हिवाळ्यात मात्र सकाळी सहाला शिजलेल्या कोबीचा वास दहा वाजेपर्यंत पडद्यांतून आणि स्वेटरांतून दरवळत राहतो. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तर त्याला जायलाही जागा नसते. त्यात भाजीचा लगदा झाला असेल तर डब्यातील ती भाजी दुपारी तशीच परत येते.

वास आणि लगदा ही दोन वेगळी दुखणी वाटतात. त्यांचे मूळ मात्र एकच आहे आणि ते म्हणजे वाजवीपेक्षा अधिक वेळ मिळालेली उष्णता. त्यामुळे भाजी घट्ट ठेवण्याचा जो उपाय, तोच बहुतांशी वास कमी करण्याचाही उपाय ठरतो.

वास येतो कोठून?

कच्च्या कोबीच्या गड्ड्याला फारसा वास नसतो. पानकोबी, फुलकोबी, मुळा आणि मोहरी ही सारी एकाच कुळातील झाडे. त्यांच्या पेशींमध्ये गंधकयुक्त द्रव्ये साठवलेली असतात आणि त्यांचे विघटन करणारे विकर शेजारीच, पण निराळ्या कप्प्यात असते. सुरी चालली, किसणी फिरली की हे कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि मोहरी वाटताना नाकाला झोंबते तशा जातीची तिखट द्रव्ये तयार होतात. कोशिंबिरीतील पानकोबीचा चरचरीतपणा तो हाच. हा गंध त्रासदायक नाही, उलट काहींना आवडतो.

त्रास सुरू होतो तो चुलीवर. उष्णता मिळत राहिली की ही आणि कोबीतील इतर गंधकयुक्त द्रव्ये आणखी मोडतात व त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू बाहेर पडू लागतात. सडक्या अंड्याला येणारा वास याच वायूचा. पहिल्या चार-पाच मिनिटांत त्याचे प्रमाण नाममात्र असते, त्यानंतर मात्र ते झपाट्याने वाढत जाते. म्हणून पाच मिनिटांत उतरवलेली पानकोबी गोडसर लागते आणि वीस मिनिटे झाकून ठेवलेली तीच पानकोबी शेजाऱ्यांनाही कळते.

प्रेशर कुकरचा दोष येथेच आहे. कुकरमध्ये पाण्याचे तापमान शंभरावर थांबत नाही, ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. एका शिट्टीत फुलकोबी मऊ होते खरी, परंतु कुकरची वाफ जिरेपर्यंत ती आत शिजतच राहते. झाकण उघडले की तुरे विरघळलेले आणि शिट्टीच्या वाफेबरोबर वास आधीच घरभर पसरलेला. सकाळच्या घाईत कुकर लावावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण या भाजीला मुळात दहा मिनिटेच लागतात. कुकर गरम होऊन थंड होईपर्यंत त्याहून अधिक वेळ जातो.

घट्टपणाचे गणित

भाजीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. जॅम ज्यामुळे जमतो तेच हे पेक्टिन. तापमान ८५ अंशांच्या वर गेले की पेक्टिन विरघळू लागते आणि भाजी मऊ पडते. आम्ल असेल तर हे विरघळणे मंदावते, खायचा सोडा असेल तर वेग घेते. टोमॅटो आधी घातलेल्या रश्श्यात फुलकोबी लवकर शिजत नाही, ती याच कारणाने. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची पद्धत काही घरांत आहे. कोबीच्या बाबतीत ती सर्वस्वी त्याज्य मानावी. सोड्याने पानकोबी लिबलिबीत होते आणि फुलकोबीचा पांढरा रंग पिवळसर पडतो.

पेक्टिनची आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरात फारशी ठाऊक नसते. भाजी शिजण्यापूर्वी साधारण ५५ ते ६५ अंश तापमानात वीस-पंचवीस मिनिटे राहिली तर तिच्यातीलच एक विकर जागे होते आणि पेक्टिनमध्ये असा बदल घडवते की पाण्यातील व भाजीतील कॅल्शियम त्याला टाचणीसारखे टाचून धरते. असे टाचलेले पेक्टिन नंतर उकळतानाही सहजी सुटत नाही. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांत हे तंत्र वापरले जाते.

विशेष असे की आपल्याकडे त्याच्या अगदी जवळ जाणारी एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. फुलकोबीच्या तुऱ्यांत अळ्या आणि मावा दडून बसतात, म्हणून ते मीठ-हळदीच्या गरम पाण्यात बुडवून ठेवतात. उद्देश किडे काढण्याचा. पण पाणी नेमके किती गरम असावे याकडे कोणी पाहत नाही. कोणी कोमट पाणी घेते, त्याने किडे निघतात, घट्टपणा येत नाही. कोणी उकळते पाणी थेट ओतून झाकण ठेवते, त्याने भाजी अर्धी शिजून जाते आणि पुढे कढईत मोडते. या दोहोंच्या मधले तापमान साधले तर एकाच पातेल्यात दोन्ही कामे होतात.

घरात तापमापक नसला तरी हिशेब सोपा आहे. अर्धा किलो तुऱ्यांसाठी अडीच लिटर पाणी लागते. जानेवारीत नागपूरच्या नळाचे पाणी वीस अंशांच्या आसपास असते असे धरू. दीड लिटर पाणी खळखळ उकळावे व त्यात एक लिटर नळाचे पाणी मिसळावे. मिश्रण साधारण ६८ अंशांवर येते. त्यात खोलीतील थंडाव्यातले अर्धा किलो तुरे पडले की ते ६० अंशांपर्यंत उतरते. पातेले झाकून ठेवले तर पुढील वीस मिनिटांत ते आणखी थोडे निवते, पण उपयोगी टप्प्यातच राहते. पातेले पातळ पत्र्याचे असेल तर भोवती जुना टॉवेल गुंडाळावा.

मे महिन्यात हा हिशेब बदलतो. गच्चीवरील टाकीतून येणारे पाणीच त्या वेळी पस्तीस अंशांचे किंवा त्याहून गरम असते. तेव्हा उकळते आणि साधे पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. बोट घालून पाहण्याची खूण अशी की ६० अंशांच्या पाण्यात बोट क्षणभर बुडवता येते, ठेवता येत नाही. बोट आरामात राहत असेल तर पाणी कमी गरम आहे.

या कामासाठी आरओ यंत्राचे पाणी घेऊ नये. त्यातून कॅल्शियम बहुतांश निघून गेलेले असते आणि टाचण्यासाठी लागतो तो नेमका कॅल्शियमच. नळाचे साधे पाणी चालते. बोअरवेलचे जड पाणी घट्टपणाच्या दृष्टीने अधिकच चांगले, मात्र फार क्षारयुक्त असेल तर तुरे किंचित पिवळसर दिसतात. मीठ लिटरला एक लहान चमचा पुरे, हळद चिमूटभर.

अर्धा किलो फुलकोबी, पायरीपायरीने

आरंभ बाजारातच करावा. गड्डा हातात जड लागावा, फूल घट्ट व एकसंध असावे, सभोवतालची पाने ताजी व ताठ असावीत. फुलाचे दाणे सुटे, रव्यासारखे दिसू लागले असतील तर तो गड्डा घेऊ नये. ऊन वाढले की फुलकोबी अशी मोकळी पडते. ती कोणत्याही युक्तीने घट्ट होत नाही. फुलकोबी हे मूळचे थंड हवेचे पीक. इंग्लंडहून १८२२ मध्ये तिचे बी सहारनपूरच्या कंपनी बागेत आले आणि त्यानंतर आपल्या हवेत तग धरणारे वाण तयार होत गेले, तरी नागपूरच्या मार्चनंतरच्या उन्हापुढे तिचे फारसे चालत नाही. शिळ्या गड्ड्याला तर चिरतानाच उग्र दर्प येतो आणि शिजवल्यावर तो दुणावतो.

तुरे सुरीने कापण्याऐवजी देठाकडून काप देऊन हाताने वेगळे करावेत. त्यामुळे फूल चुरडत नाही. प्रत्येक तुरा दीड इंचाच्या जवळपास असावा आणि देठाला उभी चीर द्यावी. देठ फुलापेक्षा उशिरा शिजतो. चीर नसेल तर देठ शिजेपर्यंत फूल मोडते, ही या भाजीतील सर्वांत नेहमीची चूक आहे. तुरे वर सांगितलेल्या पाण्यात वीस मिनिटे झाकून ठेवावेत. अळ्या तळाशी बसतात किंवा वर तरंगतात, म्हणून पाणी ओतून न देता तुरे झाऱ्याने उचलून घ्यावेत. एकदा स्वच्छ पाण्यातून काढून स्वच्छ कापडावर पसरावेत.

हे कोरडे करणे अनेकजण टाळतात. ओले तुरे कढईत पडले की तेलाचे तापमान उतरते, तळाशी पाणी साचते आणि भाजी परतण्याऐवजी वाफेवर उकडू लागते. दहा-पंधरा मिनिटे कापडावर राहू दिले की काम भागते. तेवढ्या वेळात कणीक मळून होते.

कढई पसरट घ्यावी. तीन मोठे चमचे तेल चांगले तापवून मोहरी तडतडू द्यावी, नंतर हळद आणि लगेच तुरे. ते शक्यतो एका थरात मावावेत. खोल पातेल्यात एकावर एक रचलेले तुरे खाली करपतात आणि वर कच्चे राहतात, मग झाकण ठेवावे लागते आणि सारा खटाटोप वाया जातो. आच मोठी, झाकण नाही. पाच ते सहा मिनिटे अधूनमधून उलथन्याने हलवावे, सतत ढवळू नये. कडांवर तांबूस डाग आले की दोन चमचे पाणी शिंपडून फक्त दोन मिनिटे झाकण ठेवावे. झाकण काढताना ते कढईवरच तिरपे करू नये, त्याच्या आतल्या बाजूला साचलेले पाणी बाहेर झटकावे. वाफेबरोबर उडालेला गंध त्या पाण्यात उतरलेला असतो.

आता देठात सुरीचे टोक घालून पाहावे. ते किंचित अडखळत आत गेले तर भाजी झाली. लोण्यात गेल्यासारखे अलगद गेले तर ती झाल्याला दोन मिनिटे होऊन गेली. मीठ व तिखट या टप्प्यावर घालावे, कारण मीठ आधी पडले की तुऱ्यांतील पाणी सुटते. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर. कढई उतरवल्यावरही भाजी आतल्या उष्णतेने मिनिट-दोन मिनिटे शिजतच असते. म्हणून ‘एक कण कच्ची’ असतानाच गॅस बंद करावा आणि भाजी लगेच पसरट भांड्यात काढावी.

वऱ्हाडी लग्नाच्या पंगतीतील वांगी-आलू-गोबीत फुलकोबी बहुधा मोडलेली का असते, याचेही उत्तर येथे मिळते. मोठ्या गंजातील भाजी खाली उतरवल्यावर तासभर तशीच गरम राहते आणि तेवढा वेळ शिजत राहते. घरी ही भाजी करताना बटाटा आणि वांगी आधी शिजवून रस्सा तयार करावा व परतलेली फुलकोबी अखेरच्या पाच मिनिटांत सोडावी. रस्श्यात टोमॅटो असेल तर त्याच्या आंबटपणाने तुरे आणखी टिकतात.

पानकोबीची तऱ्हा निराळी

पानकोबीला गरम पाण्याचे स्नान मानवत नाही. पातळ चिरलेली पाने त्यात लगेच नरम पडतात आणि चिरल्यामुळे फुटलेल्या पेशींतून गंध सुटायला ऊबदार पाणी सोयीचेच ठरते. येथे भर असावा तो चिरण्यावर. बोथट विळीने किंवा किसणीने पाने चेंगरली जातात, जास्त पेशी फुटतात आणि वास वाढतो. धारदार सुरीने, आगपेटीच्या काडीच्या दुप्पट जाडीच्या लांब कापा कराव्यात. मधला दांडा काढून वेगळा, बारीक चिरावा. गड्डा जून किंवा दर्प जास्त असेल तर चिरलेली पाने दहा मिनिटे अगदी थंड पाण्यात ठेवून निथळावीत. तिखट द्रव्ये पाण्यात उतरतात. त्याबरोबर थोडे क जीवनसत्त्वही जाते, म्हणून कोवळ्या गड्ड्याला हा उपचार करू नये. चिरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणे मात्र नक्कीच टाळावे. सकाळी डबा उघडताच फ्रिजमधील दुधालाही तो वास लागलेला आढळतो.

हरभऱ्याची डाळ घालून पानकोबी करायची असेल तर डाळ दोन-तीन तास भिजवलेली हवी. फोडणीत आधी डाळ घालून, थोडे पाणी शिंपडून ती बोटाने दबेपर्यंत शिजवून घ्यावी. त्यानंतरच पानकोबी. डाळ व कोबी एकदमच टाकून डाळ शिजण्याची वाट पाहिली तर कोबीला पंधरा-वीस मिनिटे चुलीवर काढावी लागतात, आणि घरभर पसरणारा तो सुपरिचित दर्प बहुतेक वेळा याच वाट पाहण्याचा असतो. डाळ तयार असेल तर मोठ्या आचेवर, उघड्या कढईत, चार ते पाच मिनिटांत पानकोबी होते. पाने चमकदार व थोडी पारदर्शक दिसू लागली की मीठ घालून उतरवावी. ती निस्तेज, करडी दिसू लागली आणि कढईच्या तळाशी पाणी जमले, म्हणजे वेळ टळून गेली. अशा वेळी शिजवत राहून पाणी आटवण्यापेक्षा दोन चमचे बेसन पेरून मिनिटभर परतावे. बेसन पाणी शोषून घेते आणि भाजी पीठ पेरलेली म्हणून मानाने पानात वाढता येते.

ऐकीव उपायांचे काय?

कोबी शिजताना झाकणाखाली ब्रेडचा तुकडा ठेवावा, तमालपत्र घालावे, व्हिनेगरची वाटी उकळत ठेवावी, असे अनेक उपाय सांगितले जातात. तमालपत्राने वासावर वास बसतो, एवढेच. ब्रेड थोडी वाफ शोषतो, पण दहा मिनिटांच्या भाजीत त्याचा परिणाम जाणवण्याजोगा नसतो. लिंबू-व्हिनेगरची कीर्ती माशांवरून आली आहे. माशांचा वास अल्कधर्मी द्रव्यांचा असतो आणि आम्लाने तो खरोखरच मारला जातो. कोबीचे गंधकयुक्त वायू त्या जातीचे नाहीत, त्यामुळे लिंबाने भाजीची चव व पांढरेपणा राखला जातो, खोलीतील हवा शुद्ध होत नाही. हिंगाबाबत तर सावधच असावे. हिंगाचा वासही गंधकयुक्तच. पोटाला बरा म्हणून घालायचा तर तेलात नीट फुलवून चिमूटभर घालावा.

एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी सुरू करावा आणि भाजी उतरवल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावा. मात्र घर पूर्ण बंद असेल तर पंखा नुसता फिरतो, हवा ओढत नाही. थंडी असली तरी समोरच्या बाजूची एक खिडकी दोन बोटे उघडी हवी. कोबी उकडलेले गरम पाणी सिंकमध्ये तसेच ओतल्यास वाफ उठून तोच वास पुन्हा पसरतो, तेव्हा ते आधी निवू द्यावे. देठ आणि बाहेरची पाने उघड्या डस्टबिनमध्ये दिवसभर पडू देऊ नयेत.

डब्यात भरताना

कार्यालयात दुपारी डबा उघडताच शेजारचे सहकारी मान वळवतात, त्यामागे बहुधा सकाळची घाई असते. कढईतली वाफाळती भाजी स्टीलच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावले की आत तिचे शिजणे चालू राहते आणि सुटलेला गंध बाहेर जाण्यास वाट नसते. चार-पाच तासांनी तो एकदमच बाहेर येतो. भाजी ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावी, मगच भरावी. उष्णता राखणाऱ्या डब्यांत फुलकोबी देणे टाळलेलेच बरे, त्यात ती हमखास मोडते. रात्रीची उरलेली भाजी सकाळी गरम करायची झाल्यास झाकण न ठेवता तव्यावर भराभर परतावी, कारण दुसऱ्यांदा झाकून तापवलेल्या कोबीचा वास पहिल्याहून उग्र असतो.